पुरळ नाही, कोंडा नाही, तरी डोक्याची आग: ट्रायकोडायनियात मूळ कुठे शोधायचं?

प्रश्न: माझं वय ३८. तीन महिन्यांपासून टाळूवर आग होते. भांग दुसऱ्या बाजूला पाडला तरी केसांची मुळं दुखतात. केसही भरपूर गळतायत. फोटो काढून पाहिलं, तर लाली नाही, कोंडा नाही, फोड नाहीत. एक डॉक्टर म्हणाले त्वचा एकदम स्वच्छ आहे, दुसरे म्हणाले टेन्शन घेऊ नका. पाच महिन्यांपूर्वी मोठा ताप येऊन गेला होता. काम दिवसभर कॉम्प्युटरवर. केसवाढीचं लोशनही सुरू केलंय. हे नक्की कशामुळे, आणि जिथे दुखतं तिथले केस जाणार का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण झोप त्यानेच उडते. दुखतं म्हणून तिथले केस जात नाहीत. २००२ साली स्वित्झर्लंडमध्ये केसगळतीच्या चारशेहून अधिक रुग्णांची पाहणी झाली होती. त्यांतल्या सुमारे २० टक्के बायकांना आणि ९ टक्के पुरुषांना केसांची मुळं दुखण्याची तक्रार होती. पण ज्यांना दुखत होतं त्यांचे केस, ज्यांना दुखत नव्हतं त्यांच्यापेक्षा जास्त गळत होते असं काही आढळलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात, एकीमुळे दुसरी होते असं नाही. याला एक अपवाद आहे, त्याकडे पुढे येतेच.

या दुखण्याला ट्रायकोडायनिया हे नाव १९९६ साली इटलीतले त्वचारोगतज्ज्ञ आल्फ्रेदो रेबोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. केसगळतीची तक्रार घेऊन आलेल्या बायकांपैकी जवळपास एक तृतीयांश जणींनी त्यांना मुळं दुखतात असं सांगितलं होतं. म्हणजे ही तक्रार दुर्मीळ मुळीच नाही. फक्त ती डोळ्यांना दिसत नाही, आणि त्वचेच्या डॉक्टरला सवय डोळ्यांनी निदान करायची. 'त्वचा स्वच्छ आहे' हे तुमच्या डॉक्टरांचं वाक्य चुकीचं नाही. पण तिथून पुढचं काम हातांनी करायचं असतं, आणि ते बहुतेकदा राहून जातं.

एक गोष्ट ध्यानात घ्या: ट्रायकोडायनिया हे लक्षणाचं नाव आहे, आजाराचं नाही. आग टाळूवर जाणवली तरी तिचा उगम चार वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतो. केसाच्या मुळाशी, त्वचेतल्या चेतातंतूंमध्ये, मानेत, आणि क्वचित कानशिलाच्या धमनीत. शाम्पू बदलून यांतलं एकही बरं होत नाही.

आधी धमनीचं

तुमच्या वयात याची शक्यता जवळजवळ नाही, पण हे उत्तर कोणीतरी आईसाठी किंवा सासऱ्यांसाठीही वाचत असेल, म्हणून आधी उरकते. वय पन्नाशीच्या पुढे असेल, डोकं नव्यानेच दुखायला लागलं असेल, कंगवा लावताना किंवा उशीवर डोकं टेकताना कानशिलाजवळ दुखत असेल, घास चावता चावता जबडा दुखून थांबावं लागत असेल, तर जायंट सेल आर्टेरायटिस, म्हणजे डोक्याच्या धमन्यांना आलेली सूज, हे आधी डोक्यात यायला हवं. त्यात अधूनमधून धूसर दिसलं, दोन-दोन दिसलं किंवा क्षणभर एका डोळ्यापुढे पडदा आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. यात दृष्टी कायमची जाऊ शकते. शरीरातली सूज दाखवणारे रक्तातले ईएसआर आणि सीआरपी तपासतात. संशय पक्का असेल तर धमनीच्या तुकड्याच्या तपासणीची वाट न पाहता स्टेरॉइड सुरू करतात. ही एकच गोष्ट अशी आहे की जिथे 'बघू आठवडाभर' म्हणायचं नसतं.

हातांनी काय तपासायचं

माझ्याकडे अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी म्हणते, 'कुठे दुखतं ते हाताने दाखवा, बोलू नका.' कोणी पूर्ण तळवा टाळूवर फिरवतं, कोणी एका बोटाने नेमकी जागा दाखवतं, कोणी मानेपासून वर रेघ ओढतं. हे तीन हावभाव तीन वेगळ्या दिशांना नेतात. एका बोटाने नाण्याएवढा गोल दाखवला आणि तो महिनोन्महिने जागा बदलत नसेल, तर ती नम्युलर डोकेदुखी असू शकते. ती चेतातज्ज्ञांचा विषय आहे. कवटीच्या तळापासून वर वीज चमकल्यासारखी कळ येत असेल, तर मानेमागची मोठी शीर्ष-चेता पाहावी लागते. आग एकाच बाजूला, कपाळाच्या मध्यरेषेवर थांबणारी आणि दोन-तीन दिवसांचीच असेल, तर नागिणीचे फोड अजून यायचे असतील. तळवा टाळूवर फिरवणारेच बहुसंख्य असतात, आणि तुमच्या वर्णनावरून तुम्हीही त्यांतल्याच वाटता.

मग एक बट त्वचेपासून दोन-तीन सेंटीमीटरवर धरायची आणि त्वचेला हात न लावता ती केस ज्या बाजूला पडतात त्याच्या उलट बाजूला हलकेच वळवायची. केसाच्या मुळाभोवती चेतातंतूंचं दाट जाळं असतं. केस एखाद्या मिलिमीटरने हलला तरी आपल्याला कळतो, ते या जाळ्यामुळेच. तेच चिडलेलं असेल तर एवढंसं वळवणंही टोचतं. तुम्ही भांग बदलताना दुखतं म्हणता, ते हेच.

यानंतर कापसाचा पुंजका टाळूवरून फिरवते. कापसासारखा स्पर्श दुखायलाच नको. तो झोंबत असेल, तर चेतांची संवेदना वाढली आहे, मग कारण कोणतं का असेना. मायग्रेन असलेल्यांना झटक्याच्या वेळी नेमकं असंच होतं, कंगवाही सहन होत नाही. त्यामुळे आग रोजची आहे की डोकेदुखीबरोबर येते आणि तिच्याबरोबर जाते, हे विचारायचं कधीच विसरायचं नाही. बऱ्याच जणींचा 'ट्रायकोडायनिया' हा निदान न झालेला मायग्रेन निघतो.

सगळ्यांत शेवटी मान. रुग्णाच्या मागे उभी राहून कवटीच्या तळाशी, मधल्या खळगीच्या दोन्ही बाजूंना, स्नायू जिथे हाडाला चिकटतात तिथे अंगठ्याने दाबून ठेवते आणि विचारते, वर काही जाणवतं का? काहींच्या टाळूवर तीच ओळखीची आग उठते. हे झालं की पुढचा रस्ता बराच सोपा होतो.

तुमच्या बाबतीत केसाचं मूळ

तुमच्या हकिगतीतल्या तारखा बोलक्या आहेत. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, झपाट्याने घटवलेलं वजन यांपैकी काही झालं की एरवी वाढत राहिले असते असे बरेचसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात. त्या अवस्थेला टेलोजन म्हणतात. विश्रांतीत गेलेला केस लगेच पडत नाही, दोनेक महिन्यांनी पडतो. म्हणून गळती तापात दिसत नाही, ताप विसरल्यावर दिसते. या गळतीचं नाव टेलोजन एफ्लुव्हियम. ताप पाच महिन्यांपूर्वीचा आणि गळती तीन महिन्यांची, हा हिशेब तंतोतंत जुळतो. कोविडनंतरच्या गळतीतही मुळं दुखण्याची तक्रार पुष्कळ जणांनी केली होती.

केस विश्रांतीत गेल्यावर मूळ का दुखावं? केसाच्या मुळाभोवती अगदी हलकी, डोळ्यांना न दिसणारी सूज येते आणि तिथल्या चेतांच्या टोकांतून सब्स्टन्स पी नावाचं वेदनेचा निरोप नेणारं रसायन सुटतं, असं एक स्पष्टीकरण आहे. ते पुरेसं सिद्ध झालेलं नाही. पण गळती ओसरली की बहुतेकींची आगही ओसरते, हे दवाखान्यात रोज दिसतं. अशी गळती साधारण सहा महिन्यांत थांबते.

घरी एक चाचणी करता येते. केस धुतल्यावर एक दिवस जाऊ द्या. मग अंगठा आणि दोन बोटांत साधारण ५०-६० केसांची बट त्वचेलगत धरा आणि टोकाकडे सावकाश ओढत न्या, हिसका देऊ नका. दोन-तीन केस आले तर काळजी नाही. टाळूवर, बाजूंना आणि मागे, सगळीकडेच सहाहून जास्त येत असतील तर गळती अजून जोरात आहे. आता आलेला केस पांढऱ्या कागदावर ठेवून पाहा. मुळाशी पांढरा, बारीक गोळा दिसेल. तो पाहून बायका रडवेल्या होतात, मूळच उपटून आलं म्हणून. तसं नसतं. ते विश्रांती संपलेल्या केसाचं टोक आहे, केस तयार करणारा भाग खाली त्वचेतच राहतो.

आता लोशनबद्दल. ते मिनॉक्सिडिल असावं असं गृहीत धरते. त्याच्या पातळ द्रावणात प्रॉपिलीन ग्लायकॉल नावाचा द्रव असतो, आणि काहींना मिनॉक्सिडिलपेक्षा तोच झोंबतो. फोममध्ये हा घटक सहसा नसतो. शिवाय सुरुवातीच्या आठवड्यांत मिनॉक्सिडिलमुळेच गळती थोडी वाढते. आग आधी सुरू झाली की लोशन आधी सुरू झालं, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला हवं आहे ते नेमकं हेच. दोन आठवडे लोशन पूर्ण बंद ठेवा. आग निम्म्यावर आली तर उत्तर मिळालं. काहीच फरक पडला नाही तर लोशन निर्दोष. तापानंतरच्या गळतीत एरवीही त्याची गरज नसते, केस आपले आपण परत येतात.

या दोन आठवड्यांत बाकीचेही प्रयोग बंद. नवा शाम्पू नाही, औषधी तेल नाही, लेप नाही. केस रंगवत असाल तर तेही थांबवा. ओढून बांधलेला पोनीटेल किंवा घट्ट अंबाडा यानेही मुळं दुखतात, आणि सोडल्यावर दुखणं तासाभरात ओसरत असेल तर कारण तेच. आणखी एक: दुखतं म्हणून केस आठवडाभर न धुणं. त्याने तेल आणि मृत त्वचा साचते, खाज सुरू होते, आणि मग आग कुठली आणि खाज कुठली हे कोणालाच सांगता येत नाही. कोमट पाणी, सौम्य शाम्पू, नेहमीच्या अंतराने धुवायचं.

तो अपवाद

केसाच्या मुळाशी खरोखर सूज येऊन मूळच नष्ट करणारे काही आजार आहेत. लायकेन प्लॅनोपिलॅरिस हा त्यांतला नेहमीचा. यात जळजळ आणि दुखणं केस जाण्याच्या आधी सुरू होऊ शकतं, आणि पुरळ इतकं बारीक असतं की आरशात किंवा फोटोत दिसत नाही. दहापट मोठं दाखवणाऱ्या डर्मोस्कोपखाली मात्र केसाच्या बुडाभोवती पांढरट खवल्यांची बारीक कडी आणि गुलाबी छटा दिसते. आणखी पुढे गेलं की केस उगवायची छिद्रंच बुजलेली दिसतात. कपाळावरची केसांची रेषा मागे सरकत असेल आणि त्याबरोबर भुवया विरळ होत असतील, तर याच आजाराचा एक प्रकार असू शकतो.

ही मुळं एकदा गेली की परत येत नाहीत, म्हणून इथे वेळ महत्त्वाचा. तुमच्या दोन्ही डॉक्टरांपैकी कोणी डोक्याला टेकवायचं भिंग वापरलं होतं का, ते आठवा. नुसत्या डोळ्यांनी पाहिलेली 'स्वच्छ' त्वचा आणि डर्मोस्कोपखाली पाहिलेली स्वच्छ त्वचा यांत फरक आहे. संशय आला तर चार मिलिमीटरचा त्वचेचा तुकडा काढून तपासतात. तो दुखऱ्या, केस अजून शाबूत असलेल्या कडेवरून घ्यायचा. गुळगुळीत झालेल्या जागेवरून घेतला तर अहवालात फक्त व्रण येतो, आजाराचं नाव येत नाही.

मानेचं प्रकरण

इथे जरा रेंगाळते, कारण सगळ्यांत जास्त चुकामूक इथेच होते आणि तुमचं कामही कॉम्प्युटरवरचं आहे.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, त्वचेवर काहीही नसताना डोकं जळणाऱ्या किंवा खाजणाऱ्या १५ रुग्णांच्या मानेची तपासणी पाहिली, तेव्हा १४ जणांच्या मानेच्या मणक्यांत दोष सापडला. सर्वाधिक पाचव्या आणि सहाव्या मणक्यांच्या मध्ये. आता शरीररचना जाणणारा कोणीही विचारेल, हे कसं शक्य आहे? डोक्याच्या मागच्या भागाला संवेदना मानेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या चेतांकडून मिळते, पुढच्या भागापासून टाळूपर्यंत चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल चेतेकडून. पाचव्या-सहाव्या मणक्यांजवळच्या चेता खांद्याला आणि हाताला जातात, डोक्याला नाही.

याचं एक पटणारं स्पष्टीकरण स्नायूंमध्ये आहे. टाळूच्या त्वचेखाली एक चिवट पापुद्रा असतो. तो पुढे कपाळाच्या आणि मागे कवटीच्या तळाजवळच्या स्नायूंना जोडलेला असतो, तंबूचं कापड दोन्हीकडून दोरांनी ताणावं तसा. मान खालच्या बाजूला दुखरी असली की तिला सांभाळायला वरचे स्नायू दिवसभर आखडून राहतात, आणि ताण या पापुद्र्यावर आणि त्यातून वर येणाऱ्या चेतांवर येतो. दुसरं कारण मेंदूच्या तळाशी आहे. मानेच्या वरच्या चेता आणि ट्रायजेमिनल चेता यांचे निरोप एकाच केंद्रात पोचतात, त्यामुळे मानेतली वेदना कपाळावर किंवा टाळूवर जाणवू शकते.

एक उदाहरण सांगते, ओळख पटू नये इतपत बदलून. ४४ वर्षांच्या बाई, लेखापाल, दोन वर्षांपासून टाळूवर आग. गळती नाही, केस दाट. त्यांच्याकडे स्टेरॉइडची तीन लोशनं, कोंड्याचे दोन शाम्पू आणि रक्त तपासण्यांची जाडजूड फाइल होती. थायरॉइड, साखर, लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन, बी-१२, सगळं व्यवस्थित. डर्मोस्कोपखाली एकही मूळ सुजलेलं नव्हतं. बट वळवली तर फारसं दुखलं नाही, कापूस फिरवला तर मात्र त्या दचकल्या. मी आग कधी जास्त असते ते विचारलं. उत्तर तयार होतं: सकाळी उठल्यावर जवळपास नसते, चारनंतर वाढत जाते, मार्चमध्ये सगळ्यांत वाईट. सुट्टीत? थोडा विचार करून म्हणाल्या, सुट्टीत असते, पण मोबाइल बघत पडले की.

कवटीच्या तळाशी उजवीकडे दाबल्यावर टाळूवर तीच आग उठली. हनुवटी छातीला लावून अर्धा मिनिट बसवलं, तेव्हाही. हातात मुंग्या नव्हत्या, पकड चांगली होती, चालण्यात काही फरक नव्हता. हे विचारणं आवश्यक असतं, कारण यांपैकी काही असतं तर आधी चेतातज्ज्ञ आणि एमआरआय. नव्हतं म्हणून साधा एक्स-रे काढला. पाचव्या-सहाव्या मणक्यांतली जागा थोडी कमी झालेली दिसली.

इथे एक सावधगिरी. चाळिशीनंतर मान न दुखणाऱ्या कितीतरी माणसांच्या एक्स-रेमध्येही अशी झीज दिसते. म्हणून एक्स-रेवरून निदान केलेलं नव्हतं, अंगठ्याने दाबल्यावर उठलेल्या आगीवरून आणि दिवसभरातल्या चढउतारावरून केलं होतं. एक्स-रेने त्याला दुजोरा दिला, एवढंच. उलटही होतं: एक्स-रे साफ असतो आणि मान दोषी असते.

त्यांची स्टेरॉइड लोशनं हळूहळू बंद केली. फिजिओथेरपिस्टकडे मानेच्या पुढच्या खोल स्नायूंना बळ देणारे आणि कवटीखालचे स्नायू सैल करणारे व्यायाम सुरू केले. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीत आणली. मोबाइल मांडीवरून समोर. आणि रात्री गॅबापेंटिन, आधी १०० मिलिग्रॅम, आठवड्याने ३००. पहिले दहा दिवस सकाळी डोकं जड वाटायचं, ते गेलं. तीन आठवड्यांनी त्या वैतागून आल्या, काहीच फरक नाही म्हणाल्या. रोज संध्याकाळी शून्य ते दहा असा आकडा लिहायला सांगितला होता, तो पाहिला. आठवरून सहावर आला होता, आणि जोर चारऐवजी सहानंतर धरत होता. बाईंना हे जाणवलं नव्हतं, वहीत मात्र होतं. दोन महिन्यांनी आकडा दोन-तीनवर स्थिरावला. मग गोळी कमी करत बंद केली. पुढच्या मार्चमध्ये आग पुन्हा आली, व्यायाम सुटले होते म्हणून, आणि व्यायामानेच ओसरली.

औषधाची गरज कधी

तापानंतरच्या गळतीसोबतचं दुखणं सौम्य असेल तर गोळी लागत नाही, वेळ पुरतो. झोप मोडत असेल, उशीवर डोकं ठेवता येत नसेल किंवा कापसाचा स्पर्शही झोंबत असेल, तर चेतांची चिडचिड शमवणारी औषधं देतात. वर सांगितलेलं गॅबापेंटिन हे एक. ॲमिट्रिप्टिलिन हे दुसरं, रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. हे जुनं नैराश्याचं औषध आहे, पण नैराश्यासाठी लागते त्याच्या कितीतरी कमी मात्रेत वेदनेवर काम करतं. चिठ्ठीवर त्याचं नाव पाहून 'डॉक्टरांना मी मनोरुग्ण वाटले' असं समजून गोळी न घेणाऱ्या बायका मी पाहते. त्यात डॉक्टरचाच दोष असतो, आधी समजावून सांगितलं नाही हा. याने तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती येते. हृदयाची लय बिघडलेली असेल, काचबिंदू असेल किंवा लघवी अडकण्याचा त्रास असेल तर ते टाळतात. गॅबापेंटिनची मात्रा मूत्रपिंडं कमजोर असतील तर कमी करावी लागते, आणि ते अचानक बंद करायचं नसतं. दोन्ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. परिणाम जोखायला किमान चार आठवडे द्यावे लागतात. दुसऱ्याच आठवड्यात 'लागू पडत नाही' म्हणून सोडलेलं औषध हे नापास झालेलं औषध नव्हे. गोळी नको असणाऱ्यांसाठी अशीच औषधं मलमात किंवा लोशनमध्ये मिसळून घेण्याचा पर्याय काही ठिकाणी मिळतो.

स्टेरॉइड लोशनचा उपयोग मुळाशी सूज असेल तरच. ती नसताना महिनोन्महिने लावलं तर त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या फुगतात, आणि आग वाढते.

'टेन्शन घेऊ नका' यावरही बोलायला हवं. काही अभ्यासांत या रुग्णांमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळली, काहींत नाही. अपुऱ्या झोपेने आणि ताणाने वेदना वाढते, हे कुठल्याही वेदनेबाबत खरं आहे. पण ताण वेदना वाढवतो आणि ताणच वेदना आहे, या दोन विधानांत फार अंतर आहे. मन खरोखर खचलं असेल तर त्याचे उपचार जरूर घ्या, मात्र डोक्याची नीट तपासणी झाल्यावर, तिच्याऐवजी नाही.

आता तुम्ही काय करायचं

लोशन आणि रंग दोन आठवडे बंद. रोज संध्याकाळी एक ओळ लिहा: आकडा, दिवसातली सर्वांत वाईट वेळ, डोकं दुखलं का, केस कसे बांधले होते. ओढण्याची चाचणी महिन्यातून एकदाच करा, रोज केली तर केसांपेक्षा धीर आधी सुटेल. रक्त तपासणी अजून झाली नसेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर एवढं पुरे. फेरिटिन तापाच्या आसपास खोटं जास्त येतं, पण पाच महिने झाले आहेत, तेव्हा आता तो आकडा विश्वासाचा.

मग डर्मोस्कोप वापरणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि तीन गोष्टी थेट विचारा. केसांच्या बुडाशी खवले किंवा बुजलेली छिद्रं दिसतात का? ओढल्यावर आलेले केस विश्रांतीतले आहेत का? माझी मान तपासाल का? तिसऱ्या प्रश्नावर भुवया उंचावल्या तर खळगीच्या बाजूला कुठे दाबल्यावर आग उठते ते स्वतः दाखवा. जाण्याआधी घरी कोणाकडून तरी दाबून घेऊन ती जागा शोधून ठेवा, आणि दाबून काहीच उठलं नाही तर तेही सांगा.

माझा अंदाज विचाराल तर तुमच्या बाबतीत मुख्य कारण तापानंतरची गळती, आणि लोशनची थोडी भर. मान असेलच असं तारखांवरून वाटत नाही, कारण कॉम्प्युटर पाच महिन्यांपूर्वीही होताच. पण गळती थांबून दोन महिने झाले आणि आग तशीच राहिली, तर हा अंदाज सोडून द्यायचा आणि मानेपासून पुन्हा सुरुवात करायची. त्याआधी एखादी जागा गुळगुळीत दिसू लागली, कपाळाची रेषा सरकली किंवा हाताला मुंग्या आल्या, तर दोन महिनेही थांबू नका.